तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे गेले ना, मग कागद कशाला?

"पेमेंट तर झालंय, बँकेत एन्ट्री दिसतेय, मग मे महिन्यात बिलासाठी आमच्या मागे का लागता?"

बँकेतली एन्ट्री एवढंच सांगते की अमुक दिवशी अमुक माणसाला पैसे गेले. कशाचे गेले, माल आला का, काम झालं का आणि झालं तर कधी झालं, यातलं काहीच ती सांगत नाही, आणि ऑडिटरला नेमकं तेच हवं असतं. मी कांदोळीकडच्या एका हॉटेलचं फायनान्स बघते. आमच्याकडे मार्च म्हणजे सीझनची शेपटी, रूम्स भरलेल्या, मध्येच शिगमो, कोणाला कागद फाइल करायला वेळ नसतो. आणि मे उजाडला की ऑडिटर दारात, आणि सीझनपुरती घेतलेली मुलं तोवर गावी गेलेली. ज्याची सही पाहिजे तो नसतोच बऱ्याचदा.

यंदाची एकच केस सांगते म्हणजे कळेल. चिलरचं मोठं काम होतं, कॉम्प्रेसर खोलून दुरुस्त करायचा, कोटेशन 2,40,000 अधिक जीएसटी. फेब्रुवारीत 1,00,000 अ‍ॅडव्हान्स दिला, त्यावर एक टक्का टीडीएस कापला (पार्टी प्रोप्रायटर आहे, कंपनी असती तर दोन टक्के). काम मार्चमध्ये झालं. बिल मात्र आलं 8 एप्रिलच्या तारखेचं, आणि ते इंजिनिअरिंगच्या टेबलावर पडून होतं, कारण त्यांच्या मते "ते नव्या वर्षाचं, आता घाई काय".

आता 31 मार्चला आमच्या खात्यात काय दिसत होतं, तर एक लाखाचा अ‍ॅडव्हान्स. म्हणजे पार्टीकडून आम्हाला अजून काम येणं बाकी आहे असा त्याचा अर्थ, आणि वस्तुस्थिती बरोबर उलटी, काम पूर्ण झालंय आणि आम्हीच 1,40,000 देणं लागतो. खर्च 2,40,000 ने कमी, नफा तेवढाच फुगलेला. खर्च कुठल्या वर्षात धरायचा हे बिलाच्या तारखेवर ठरत नाही, काम कधी झालं त्यावर ठरतं. हे एवढं एक वाक्य एचओडी लोकांच्या डोक्यात बसलं ना, तर माझे निम्मे फोन वाचतील.

आणि ऑडिटरला हे सापडतंच बरं का. तो मार्चची फाइल बघून उठून जात नाही, एप्रिल-मे मध्ये आलेली मोठी बिलं आणि झालेली मोठी पेमेंट्स काढतो आणि प्रत्येकाला विचारतो, हे काम कधीचं? तेव्हा आम्ही "बघून सांगतो" म्हणालो की त्याची वही उघडलीच.

मग मी चीफ इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "कितें मॅडम, बिल दितां न्हय!" मी म्हटलं बाबा बिल तर देच, पण मला काम मार्चमध्ये संपल्याचा पुरावा पाहिजे. जॉब कार्ड सापडेना, ते ज्याने भरलं तो मुलगा काम सोडून गेलेला. शेवटी पुरावा कुठे सापडला माहितीये? सिक्युरिटीच्या गेट रजिस्टरमध्ये. कॉम्प्रेसर 4 मार्चला रिटर्नेबल गेट पासवर वेर्ण्याला गेला, 19 मार्चला परत आला, वॉचमनची सही, टेम्पोचा नंबर, सगळं. आणि प्लांट रूमच्या लॉग बुकात 22 मार्चपासून त्या चिलरची प्रेशर आणि तापमानाची रीडिंग्ज पुन्हा सुरू. ही दोन पानं फोटोकॉपी करून बिलामागे जोडली, ऑडिटरने पाच मिनिटांत टिक मारली. त्या दोन पानांसमोर नुसतं बिल काहीच नव्हतं.

एवढ्यात संपत नाही पण. खर्च मार्चचा म्हणून त्याची प्रोव्हिजन करायची, म्हणजे बिल यायच्या आधीच तो मार्चच्या खात्यात धरायचा, आणि पार्टी ठाऊक आहे, रक्कम ठाऊक आहे, म्हणजे उरलेल्या 1,40,000 वरचा टीडीएस, 1,400 रुपये, तोही मार्चमध्येच कापायचा आणि 30 एप्रिलपर्यंत भरायचा. ते काम झाल्याचं मला मे महिन्यात कळलं तर ती तारीख गेलेली असते, मग व्याज. रक्कम किरकोळ आहे हो, पण अशी वीस बिलं असली की ऑडिटर यादीच बनवतो. टीडीएस कापलाच नाही तर त्या खर्चाचा तीस टक्के भाग इन्कम टॅक्सला नामंजूर होऊ शकतो, तो किरकोळ नसतो.

गंमत म्हणजे जीएसटीचं कॅलेंडर वेगळं. खर्च मार्चचा असला तरी 43,200 चं क्रेडिट बिल हातात आल्यावर आणि पार्टीने ते आपल्या रिटर्नमध्ये दाखवून आमच्या GSTR-2B मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या आमच्या क्रेडिटच्या यादीत, उतरल्यावरच (आमच्या रूमच्या दरांमुळे आम्हाला क्रेडिट मिळतं, सगळ्या हॉटेलांना मिळत नाही). म्हणून प्रोव्हिजन 2,40,000 चीच करायची, जीएसटी त्यात घालायचा नाही.

किचनची तऱ्हा निराळी. शेफ सकाळी म्हापशाच्या मार्केटात मासे घेतो, विकणारी बाई बिल देणार आहे का? नाही देणार, आणि ऑडिटरलाही ते माहीत आहे. तिथे मी बिल मागतच नाही. मला पाहिजे ते आमच्याच स्टोअरच्या काट्यावरचं वजन, मासा कुठला, दर काय, आणि घेणाऱ्याची आणि स्टोअरकीपरची अशा दोन सह्या, त्याच दिवशीच्या. महिन्याच्या शेवटी एका बसणीत एकाच पेनाने लिहिलेली तीस व्हाउचर्स ऑडिटर लांबूनच ओळखतो. अजून एक, एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर कॅश दिली तर तो खर्च टॅक्समध्ये धरत नाहीत, आणि 14,000 ची दोन व्हाउचर्स करून सात-सात हजार दाखवले तरी फरक पडत नाही, मर्यादा दिवसाची आहे, व्हाउचरची नाही. सवलतीच्या केसेस आहेत काही, पण त्यांच्या भरवशावर मार्केटात जाऊ नये.

आता मी मागते कशी, कारण तुमची तक्रार त्याचीही असते. "सर्व विभागप्रमुखांनी प्रलंबित कागदपत्रे त्वरित सादर करावीत" असला मेल मी पाठवत नाही, तो कोणी वाचत नाही, मीही वाचला नसता. प्रत्येकाला त्याचीच यादी जाते, पार्टी, तारीख, रक्कम आणि शेवटच्या कॉलमात नक्की काय कमी आहे ते. बिलच नाही, की बिल आहे पण माल मिळाल्याची सही नाही, की काम मार्चमध्ये झालंय आणि बिल यायचंय. तिन्हींना वेगळा कागद लागतो, आणि "पेंडिंग" एवढंच लिहिलं की माणूस तिन्हींसाठी तेच बिल पुन्हा पाठवतो. यादी आधी मोठ्या रकमांची, हजार-दोन हजारांची टॅक्सीची बिलं खाली.

अकाउंट्सवर बोर्डाची सही झाली की दार बंद. नंतर उगवलेलं मार्चचं बिल पुढच्या वर्षात घ्यावं लागतं, आणि तुमच्या डिपार्टमेंटच्या बजेटला ते तेव्हा बसतं. म्हणून सहीच्या आधी प्रत्येक एचओडीकडून दोन ओळी लेखी घेते, 31 मार्चपर्यंत झालेलं आणि अजून कळवलेलं नाही असं कुठलंही काम किंवा माल माझ्याकडे नाही. ते लिहायला बसले की सगळ्यांनाच काहीतरी आठवतं. सेल्सवाल्यांना यंदा एका ट्रॅव्हल एजंटचं फेब्रुवारीचं कमिशन आठवलं, 86,000 चं, नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर कबूल केलेलं. त्याचा स्क्रीनशॉट आणि बुकिंगची यादी, दोन्ही मागवलंय.