९६ वेलचे किट आणि २९ रिपोर्ट

दादरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या एका सकाळी हिशेब पाहणाऱ्या काकांनी साठ्याची वही माझ्या टेबलावर उघडी ठेवली आणि विचारले, "ताई, डेंग्यूच्या एनएस-१ एलायझा किटच्या खोक्यावर ९६ टेस्ट छापलेले आहे. किट संपले, आणि बिले निघाली २९. उरलेल्या ६७ गेल्या कुठे?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता; पण प्रश्न मला विचारलेला असला तरी रोख सेंट्रिफ्यूजपाशी उभ्या असलेल्या आमच्या तरुण तंत्रज्ञाकडे होता, आणि ते त्यालाही कळले होते. बाहेरची सॅम्पल चोरून लावून पैसे खिशात घालण्याचे प्रकार या धंद्यात अजिबात होत नाहीत, असे मी म्हणणार नाही.

योगायोगाने त्याच संध्याकाळी लॅब चालवणाऱ्या मॅडमना जवळच्या एका नर्सिंग होमला पावसाळ्यासाठी दर कळवायचा होता. काकांनी कागदावर मांडणीही करून ठेवली होती: किट २४,००० रुपयांचे, टेस्ट ९६, म्हणजे एका टेस्टला २५० रुपये, सुई, नळी आणि इतर किरकोळ मिळून ५० धरले तर खर्च ३००, आणि दर ४५० लावला तर दर रिपोर्टमागे दीडशे सुटतात. या मांडणीत बेरीज-भागाकाराची एकही चूक नव्हती. चूक होती ती खोक्यावरच्या आकड्यावर ठेवलेल्या विश्वासात.

मी त्यांना आत नेले आणि नव्या किटमधली प्लेट दाखवली. प्लेट म्हणजे आठ-आठ खळग्यांच्या १२ पट्ट्या. प्रत्येक खळग्याला आम्ही वेल म्हणतो, आणि एका वेलमध्ये एका वेळी एकच सॅम्पल लागते. मात्र प्रत्येक वेळी रन, म्हणजे एकत्र लावलेल्या सॅम्पलची एक खेप, लावताना पाच वेल रुग्णांसाठी मिळतच नाहीत: तीनमध्ये कॅलिब्रेटर, म्हणजे तुलनेसाठी किटमध्येच येणारा ठरलेला द्रव, आणि ज्यांचे उत्तर आधीच माहीत असते असे पॉझिटिव्ह कंट्रोल एकात आणि निगेटिव्ह कंट्रोल एकात. कॅलिब्रेटरच्या तीन रीडिंगच्या सरासरीवरून त्या दिवसाचा कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यामधली सीमा, ठरतो, आणि तापमान, धुणे व रंग चढण्याचा वेळ यांचा परिणाम रोज थोडा वेगळा होत असल्यामुळे कालचा कट-ऑफ आज वापरता येत नाही. रुग्ण एक असो वा नव्वद, हे पाच वेल जातातच. शिवाय आमच्या किटमधली पट्टी मोडून सुटे वेल काढता येत नाहीत. पट्टी एकदा वापरली की तिच्यातले रिकामे वेलही गेले.

मग आम्ही मे महिन्यातल्या रनची नोंदवही उघडली. संपलेले किट आठ रनमध्ये गेले होते. त्यांत कधी सात सॅम्पल होती, कधी तीन, आणि एका रविवारी तर एकच, कारण त्या मुलीच्या डॉक्टरांना रिपोर्ट त्याच दिवशी हवा होता. आठ रनचे पाच-पाच म्हणजे ४० वेल कॅलिब्रेटर आणि कंट्रोलमध्ये गेले. रुग्णांची सॅम्पल ३१ वेळा लागली, पण त्यांतली दोन सीमारेषेवर आल्यामुळे पुन्हा लावलेली होती, म्हणून रिपोर्ट २९ झाले. उरलेले २५ वेल पट्ट्यांच्या टोकांना रिकामे राहिले. चाळीस, एकतीस आणि पंचवीस मिळून ९६. काकांनी बेरीज दोनदा केली, मग तंत्रज्ञाकडे वळून म्हणाले, "चहा घेतलास का रे?" त्यांच्या परीने ती माफीच होती.

चोरी नव्हती, पण त्यामुळे हिशेब गोड झाला नाही. २४,००० भागिले २९ म्हणजे रिपोर्टमागे नुसत्या किटचे ८२८ रुपये, आणि आम्ही रुग्णाकडून ६०० घेत होतो.

त्या दिवशी दुपारपर्यंत आलेली सॅम्पल नेमकी चार होती, आणि चार ही या किटसाठी फार वाईट संख्या आहे. तीन रुग्ण आणि पाच कॅलिब्रेटर-कंट्रोल मिळून एक पट्टी बरोबर भरते. पट्टीचे २,००० रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी ६६७ पडतात. चौथे सॅम्पल आले की दुसरी पट्टी काढावी लागते आणि तिचे सात वेल रिकामे राहतात, म्हणजे चौघांत ४,०००, प्रत्येकी १,००० रुपये. रुग्ण वाढला की दर टेस्टचा खर्च उतरतो, हे बाजारातले गणित इथे सरळ चालत नाही. खर्च उतरत जातो आणि पट्टी ओलांडली की एकदम उडी मारतो. ११ रुग्णांना दोन पट्ट्या पूर्ण भरतात आणि खर्च ३६४ वर येतो, तर १२ व्या रुग्णाला तो परत ५०० होतो.

काकांना हे पटताच त्यांनी लगेच उपाय सुचवला: कॅलिब्रेटर तीनऐवजी दोन वेलमध्ये लावले तर चौथे सॅम्पल त्याच पट्टीत बसेल आणि दोन हजार वाचतील. ही युक्ती ज्यांना पहिल्यांदाच सुचते त्यांना मी दोष देत नाही, पण मॅडमनी ती तिथेच मोडून काढली. तीनपैकी एक रीडिंग भरकटले, तर उरलेली दोन एकमेकांशी जुळतात म्हणून कोणते टाकायचे ते कळते, आणि आमच्या किटचे सूचनापत्रक तशी मुभा देते. दोनच असतील आणि ती जुळली नाहीत, तर खरे कोणते हे कोण सांगणार? पुढे जुलैत एकोणीस रुग्णांच्या रनमध्ये कॅलिब्रेटरची रीडिंग ०.६१, ०.६३ आणि ०.३९ अशी आली. तिसरे टाकून रन वाचला. दोनच वेल असते आणि त्यांतले एक ०.३९ चे असते, तर तीन पट्ट्या, म्हणजे ६,००० रुपयांचे वेल आणि पावणेतीन तास वाया गेले असते.

त्या दुपारी दोन पट्ट्या लावल्या. रिकाम्या सातांपैकी एका वेलमध्ये आदल्या दिवशी सीमारेषेवर आलेले एक सॅम्पल पुन्हा लावून घेतले, कारण तो वेल तसाही फुकट जाणार होता.

रन चालू असताना मी उरलेले खर्च काकांसमोर मांडले. एका रनला पावणेतीन तास लागतात, पण त्यातला बहुतेक वेळ प्लेट इन्क्युबेटरमध्ये असते आणि तंत्रज्ञ दुसरी कामे करतो, त्यामुळे तेवढा सगळा वेळ या टेस्टच्या नावावर टाकणे योग्य नाही. किट खोलीच्या तापमानाला आणणे, वॉश बफर बनवणे, वर्कशीट, वॉशर चालवणे, रीडरवर वाचणे आणि नोंदी करणे यांत प्रत्यक्ष हात गुंततात ते सुमारे एक तास, आणि प्रत्येक सॅम्पलला वर दोन मिनिटे. पगार, पीएफ आणि रजा धरून आमच्या तंत्रज्ञाचा तास १७५ रुपयांना पडतो. चार सॅम्पलच्या रनमध्ये त्याच्या वेळेचे प्रत्येकी ५० रुपये होतात, एकोणीसच्या रनमध्ये १५. रीडर, वॉशर आणि इन्क्युबेटर मिळून ४,२०,००० चे. सात वर्षांत वाटले आणि वर्षाचा देखभाल-कॅलिब्रेशनचा २४,००० खर्च मिळवला तर वर्षाला ८४,०००. वर्षभरात सगळ्या एलायझा टेस्टचे मिळून आमचे २८० रन होतात, म्हणून प्रत्येक रनवर ३०० रुपये येतात, मग त्यात चार रुग्ण असोत की एकोणीस. सुई, नळी, टिप, हातमोजे आणि जैववैद्यकीय कचरा यांचे सॅम्पलमागे ३० रुपये मात्र बॅचने बदलत नाहीत.

अशा रीतीने त्या दिवशीच्या चार रिपोर्टांचा खर्च प्रत्येकी १,१५५ रुपये झाला. तेच एकोणीस असते तर ३७७. टेस्ट तीच, किट तेच, माणूसही तोच.

मग काका म्हणाले, "सॅम्पल साठवा आणि आठवड्यातून दोनदा लावा." थायरॉइडसारख्या टेस्टमध्ये हे कदाचित चालले असते. एनएस-१ अँटिजेन तापाच्या पहिल्या काही दिवसांतच भरवशाने सापडते आणि डॉक्टरला रिपोर्ट त्याच दिवसांत हवा असतो. सीरम फ्रीजमध्ये टिकते, पण प्लेटलेट उतरत चाललेला रुग्ण थांबत नाही. एका सॅम्पलला एक कार्ड लागणारी रॅपिड टेस्ट बॅचच्या जाचातून सुटते, पण तिच्यावर डेंग्यू पक्का ठरवत नाहीत. कीटकजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रमही निदानासाठी एलायझाच धरतो. म्हणून थांबण्याची मुदत आम्ही एका दिवसापलीकडे जाऊ द्यायची नाही असे ठरवले: रोज एकच रन, दुपारी चार वाजता, त्यानंतर आलेले सॅम्पल उद्याच्या रनमध्ये.

आणि सॅम्पल थोडी असतील तेव्हा? एक मोठी लॅब आम्हाला हीच टेस्ट ४२० रुपयांत करून देते. आमचे ३० मिळवले की ४५०. इथे माझा आणि काकांचा खरा वाद झाला. पूर्ण खर्च धरला तर ११ सॅम्पलना घरचा रन ४४३ ला पडतो आणि १० ना ४८३ ला, म्हणून अकरापेक्षा कमी असतील तर बाहेर पाठवावे, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे असे की सॅम्पल बाहेर पाठवले म्हणून तंत्रज्ञाचा पगार कापला जात नाही आणि रीडरची किंमत परत मिळत नाही. त्या दिवशी वाचते ते फक्त किट. दहा सॅम्पलना किटचे ४०० आणि आमचे ३० म्हणजे ४३०, तेव्हा दहा असली तरी घरीच लावावीत. मॅडमनी दोघांचे ऐकून दोन्ही आकडे ठेवले: नर्सिंग होमला दर सांगताना पूर्ण खर्च, कारण पगार आणि यंत्रे शेवटी त्यातूनच भागवायची, आणि रोज चार वाजता घरी की बाहेर हे ठरवताना माझा आकडा. नर्सिंग होमला ४५० ऐवजी ६५० सांगितले गेले, कारण जागेचे भाडे, वीज आणि पॅथॉलॉजिस्टची सही या हिशेबात अजून आलेलीच नव्हती. घासाघीस होऊन ते ६०० वर थांबले.

काकांनी साठ्याच्या वहीत तीन नवे रकाने आखले: पट्ट्या, रुग्ण आणि रिकामे वेल. जुलैत एका दुपारी हिंदमाताला पाणी भरले आणि परळहून येणारा मुलगा शीतपेटी घेऊन पावणेचारला, कमरेपर्यंत भिजून पोहोचला. तोवर आमच्याकडे अकरा सॅम्पल होती, दोन पट्ट्या काठोकाठ भरत होत्या. त्याच्या पेटीत एकच नळी होती, नर्सिंग होममधल्या पाच दिवस ताप असलेल्या मुलाची. तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिले, मी मॅडमकडे. तिसरी पट्टी निघाली, आणि काकांनी काही न बोलता शेवटच्या रकान्यात सात लिहिले.