वाघोलीची खडी, दोन घाणे आणि पाण्याचा हिशेब

पुण्यातली खडी म्हणजे काळा बेसाल्ट. तीच खडी, तेच सिमेंट ठेवून फक्त पाणी वाढवलं तर काँक्रीटच्या क्यूबची ताकद किती घटते, हे डोळ्यांनी पाहायला कॉलेजच्या मुलांना घेऊन गेलो. वाघोलीच्या क्रशरवर सकाळी लवकर पोहोचा, नंतर नगर रोड हलत नाही. २० आणि १० मिमी खडी आणि क्रश सँड वेगवेगळ्या गोण्यांत भरून घ्या.

लॅबमध्ये प्रत्येक घाण्याला ९ किलो सिमेंट, १८ किलो क्रश सँड, ३० किलो खडी. एवढ्यात १५० मिमीचे सहा क्यूब होतात. तीन ७ दिवसांना फोडायचे, तीन २८ दिवसांना. पहिल्या घाण्याला पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५, म्हणजे ४.०५ लिटर. दुसऱ्याला ०.६०, म्हणजे ५.४ लिटर.

खरी गोम इथेच आहे. आमची खडी सुकी होती. ती दीड टक्का पाणी पिते आणि क्रश सँड तीन टक्के. हिशेब केला तर जवळजवळ एक लिटर पाणी दगडच शोषतो, आणि ते सिमेंटच्या वाट्याला येत नाही. ते वेगळं घातलं नाही, तर कागदावरचं ०.४५ प्रत्यक्षात ०.३४ होतं आणि माल मिसळेनासा होतो. पावसाळ्यात गोणी ओली आली तर उलट होतं. दगडाच्या अंगावरचं पाणी मोजून तेवढं कमी करायला हवं. म्हणून आदल्या दिवशीच थोडा नमुना ओव्हनमध्ये वाळवून ओलावा काढून ठेवा.

०.४५ चा माल ताठ असतो. मोल्ड तीन थरांत भरून प्रत्येक थराला रॉडचे ३५ ठोके नीट द्या, शक्य असेल तर व्हायब्रेटिंग टेबल मागा. हवा राहिली तर कमी पाण्याचा क्यूबही आधी फुटतो आणि निष्कर्षच उलटा निघतो. वजन करून हे लगेच कळतं. आमचे क्यूब ८.४ किलोच्या आसपास होते. ८ च्या खाली गेला तर संशय घ्या.

२८ दिवसांनी क्यूब पाण्याच्या टाकीतून काढून ओलेच दाबून फोडायच्या मशीनवर ठेवले, थापीने सपाट केलेली बाजू कडेला करून. सरासरी भार ०.४५ ला ८६० किलोन्यूटन आणि ०.६० ला ५८५ आला. २२,५०० चौरस मिमीने भागलं की ३८ आणि २६ एमपीए.

फुटलेले तुकडे फेकू नका. ०.६० च्या तुकड्यांत खडी स्वच्छ निसटून आली होती, मागे गुळगुळीत खळगे राहिले होते. ०.४५ मध्ये खडीला सिमेंट चिकटून होतं, काही दगड मधोमध तुटले होते. बेसाल्ट दोन्हीकडे तोच होता. जादाचं पाणी उडून गेल्यावर सिमेंटच्या लगद्यात पोकळ्या राहतात आणि भेग तिथूनच जाते.

एखाद्या क्यूबचा फक्त कोपरा उडाला, तर मशीनच्या प्लेटवरचे कण पुसले होते का ते पाहा. तिघांपैकी एक सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर असेल, तर तो संच धरू नका. आणि २८ वा दिवस रविवारी येत नाही ना, हे क्यूब भरायच्या आधी कॅलेंडरवर बघून घ्या.