आमची वाटचाल : पहिल्या आठशे डब्या

भोसरीच्या गाळ्यात आम्ही बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नावाने क्रीम भरून दिलं. ते काम नीट चाललं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. कोकम बटरचं फेस क्रीम स्वतःच्या नावाने काढायचं ठरलं, तिथून खरी गोष्ट सुरू होते.

आमच्याकडे पन्नास किलोचं जॅकेटेड भांडं आहे आणि त्यात तळाशी बसवलेला, तेल-पाणी एकजीव करणारा होमोजिनायझर. या यंत्राने आम्हाला कधी दगा दिलेला नाही. तेलाचा आणि पाण्याचा फेज दोन्ही पंचाहत्तर अंशांवर आणायचे, एकत्र करून फिरवायचे आणि मग हळू ढवळत थंड करायचे. कोकम बटर चुकीच्या वेगाने थंड झालं तर पुढे क्रीममध्ये बारीक दाणे पडतात. बोटावर घेऊन चोळलं की कळतं. सुगंध चाळीस अंशांच्या खाली आल्यावरच घालायचा.

पन्नास किलोत पन्नास ग्रॅमच्या हजार डब्या होतात, असं कागदावर दिसतं. भांड्याला, नळीला आणि फिलरच्या हॉपरला मिळून दोन किलो माल चिकटून राहतो. डबीत पन्नासाच्या खाली एकही जायला नको म्हणून फिलर आम्ही एक्कावन्नवर लावतो. म्हणजे अठ्ठेचाळीस किलोच्या नऊशे एक्केचाळीस डब्या. लॅबला पाठवायच्या, राखीव नमुना म्हणून ठेवायच्या आणि स्टॅबिलिटीसाठी ठेवायच्या एक्केचाळीस गेल्या. कुरिअरमध्ये फुटतील त्यांच्या बदल्यात चाळीस बाजूला. कोथरूडच्या पार्लरवाल्या ताईंच्या साठ वेगळ्या. उरल्या आठशे. प्री-ऑर्डर आठशेलाच बंद केली आणि पुढच्या सगळ्यांना वेटिंग लिस्टवर घेतलं.

या ताईंबद्दल सांगायलाच हवं. नावाचा ब्रँडही नव्हता तेव्हा त्या सॅम्पलच्या साध्या डब्या गिऱ्हाइकांच्या हातावर लावून, कुणाला चिकट वाटलं, कुणाला रात्रभर टिकलं, हे वहीत लिहून आणत. दोनदा फॉर्म्युला त्यांच्या वहीवरून बदलला.

आमच्याच भागातल्या एकाने आमची 'मर्यादित पहिली बॅच' ही कल्पना उचलली आणि आकडा न लावता ऑर्डर घेत सुटला. आमच्या यादीतले कितीतरी लोक त्याच्याकडे गेले, कारण तो 'उद्या पाठवतो' म्हणत होता. आम्ही म्हणू शकत नव्हतो. जंतूंच्या चाचणीत बुरशीच्या प्लेट्सच पाच दिवस ठेवाव्या लागतात. रिपोर्ट हातात आल्याशिवाय माल गेटबाहेर नाही. यादीतले लोक असे गेले, ते आजही मला खुपतं.

पण आम्हाला जवळजवळ बुडवलं ते झाकणांनी. नमुना म्हणून आलेली झाकणं उत्तम बसत होती. लॉट मात्र ठरल्यापेक्षा उशिरा आला, आणि तो वेगळ्याच साच्यातला निघाला. आतली वॅड, म्हणजे गळती रोखणारी चकती, पातळ. आमच्या सवयीप्रमाणे लॉटमधून उचललेली झाकणं लावून, भरलेल्या डब्या वजन करून टिश्यूवर आडव्या ठेवल्या आणि रात्रभर पंचेचाळीस अंशांच्या ओव्हनमध्ये सोडल्या. सकाळी टिश्यूवर तेलाची कडी दिसली आणि काट्यावर वजन उतरलेलं. पुरवठादार म्हणाला, "एवढं चालतं." पुण्यातून दिल्लीला मे महिन्यात जाणाऱ्या डबीला ते चालत नाही.

क्रीम तयार, आठशे जणांचे पैसे जमा, आणि झाकण नाही. माल काठोकाठ भरून सीलबंद ड्रममध्ये ठेवला, म्हणजे वर हवा राहू नये. भरण्याआधी पीएच आणि जंतूंची चाचणी पुन्हा करायची ठरली. प्री-ऑर्डरचे पैसे आम्ही वेगळ्या खात्यात ठेवले होते, त्यातून कच्च्या मालाचं एक बिलही दिलं नव्हतं. म्हणून आठशे जणांना सरळ कळवता आलं: थांबा, किंवा पूर्ण रक्कम परत घ्या. सत्तरेक जणांनी पैसे घेतले. त्या जागा वेटिंग लिस्टमधल्या क्रमाने दिल्या, प्रत्येकाला पैसे भरायला दोन दिवस, नाहीतर पुढचा. यादीतल्या निम्म्या लोकांनी उत्तरच दिलं नाही. नवीन मंडळींना सांगतो, यादीतलं नाव म्हणजे ऑर्डर नव्हे. यादी बघून दुसरी बॅच चढवू नका, पैसे भरलेले मोजा. आणि मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी इन्व्हॉइस काढताना भरायचा असतो, हे आपल्या सीएकडून आधी समजून घ्या, म्हणजे रिफंडचा हिशेब सोपा जातो.

जाड वॅड वेगळ्या ठिकाणाहून कापून घेतली, झाकणात हाताने बसवली आणि ओव्हनची चाचणी पुन्हा केली. टिश्यू कोरडा. मग भरायला घेतलं. परत आलेल्या डब्यांत गळती एकाही डबीत नव्हती, फक्त कोपऱ्यात चेपलेली खोकी होती. झाकणवाल्याने मात्र त्या लॉटची क्रेडिट नोट अजून दिलेली नाही.