प्रेझेंटेशननंतरचा मेल

"प्रेझेंटेशन छान झालं, सगळे हो म्हणाले. आता मेलमध्ये आभारांशिवाय लिहायचं तरी काय?"

कोण हो म्हणालं आणि नेमकं कशाला, ते. बैठकीत मान डोलावणं निराळं, ठरणं निराळं. चार दिवसांनी दोन्ही सारखंच आठवतं. म्हणून मी मेल त्याच संध्याकाळी पाठवते.

परवाचंच घ्या. भोसरी एमआयडीसीतला सुट्या भागांचा कारखाना, विषय डिस्पॅचच्या खोक्यांना बारकोड लावण्याचा. आभार दोनच ओळींत मानले, पण नाव घेऊन: स्टोअरच्या सुपरवायझरनी हातातलं काम बाजूला ठेवून रॅक दाखवले, त्यामुळे लेबल खोक्याच्या कुठल्या बाजूला लागेल ते कळलं.

मग ठरलेलं: "पहिल्या टप्प्यात फक्त तयार मालाचं स्टोअर घ्यायचं, कच्चा माल नाही, असं प्लांट हेडनी ठरवलं." यातलं 'कच्चा माल नाही' हे सर्वांत मोलाचं. काय धरलेलं नाही हे लिहिलं नाही, तर बिलाच्या वेळी परचेसवाले म्हणणारच, आम्हाला वाटलं तेही त्यातच आहे. मोबाइलवर रिपोर्ट मिळाला तर बरं, असंही कुणीतरी म्हणालं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. ते मी ठरलेल्यात घातलं नाही. 'सूचना आली, कोटेशनमध्ये धरलेली नाही, हवी असल्यास वेगळा अंदाज देऊ' असं लिहिलं.

राहिलेला प्रश्न एका अक्षरात उत्तर देता येईल असा मांडायचा. 'ई-इन्व्हॉइसबद्दल कळवावे' याला उत्तर येत नाही. मी लिहिलं: "ई-इन्व्हॉइस आता टॅलीतून निघतं. (अ) तसंच ठेवायचं, की (ब) नव्या सिस्टिममधून काढायचं? आमचा सल्ला अ. दोन्हीकडून एकाच नंबरचं बिल गेलं तर पोर्टल दुसरं नाकारतं. उत्तर अकाउंट्स मॅनेजरसाहेबांकडून, बुधवारी संध्याकाळपर्यंत." बुधवार मुद्दाम घेतला. भोसरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारची तारीख दिली की उत्तर शुक्रवारी येतं आणि प्रिंटरची ऑर्डर पुढच्या आठवड्यात जाते.

पुढच्या कामांत आधी आमचं काम लिहिते, मग त्यांचं. प्रत्येकापुढे एकच माणूस आणि तारीख. 'आयटी टीम' असं लिहिलेलं काम कुणीच उचलत नाही.

शेवटी एक ओळ: "यात काही चुकलं असेल तर बुधवारपर्यंत सांगा, नाहीतर याच आधारावर काम सुरू करतो." मात्र पैसे किंवा कामाची व्याप्ती बदलत असेल तर मौनाला होकार धरायचा नाही. तिथे लेखी 'हो' येईपर्यंत थांबायचं.

बुधवारी दुपारपर्यंत उत्तर नसेल, तर त्याच मेलखाली फक्त तो राहिलेला प्रश्न पुन्हा पाठवते आणि फोन करते. फोनवर उत्तर मिळालं, की तेही लगेच त्याच मेलखाली लिहून सगळ्यांना पाठवते.