तांबे-चांदी सेल: सॉल्ट ब्रिजमध्ये पोटॅशियम क्लोराइड का नको

सेलच्या दोन पेल्यांतली द्रावणं न मिसळता जोडणारी, मिठाच्या द्रावणाने भरलेली नळी म्हणजे सॉल्ट ब्रिज. जस्त-तांब्याच्या सेलला पोटॅशियम क्लोराइडचा, म्हणजे KCl चा, अगार ब्रिज छान चालतो. चांदीची पट्टी आणि सिल्व्हर नायट्रेट घेतलं की तोच ब्रिज अडचणीचा ठरतो. म्हणून या टप्प्यात ब्रिजमधलं मीठ बदललं आहे.

आधी मूळ प्रश्न: ब्रिजमधलं मीठ नेमकं काय करतं? दोन वेगळी द्रावणं जिथे भेटतात तिथे आयन एकमेकांत मिसळू लागतात, पण सगळे सारख्या वेगाने नाही. वेगवान आयन पुढे जातात, भार थोडा वेगळा पडतो आणि सीमेवर काही मिलिव्होल्ट तयार होतात. हेच लिक्विड जंक्शन पोटेन्शियल. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाला ०.१ मोलर KCl थेट लावलं, तर ते सुमारे २७ मिलिव्होल्ट भरतं, कारण हायड्रोजन आयन फार चपळ असतो. तेच KCl ३.५ मोलर घेतलं की हा आकडा सुमारे ३ वर येतो. सीमेवरचा बहुतेक प्रवाह आता ब्रिजमधले आयन वाहतात, आणि पोटॅशियम व क्लोराइड जवळपास बरोबरीने चालतात: आयनाचा वेग दाखवणारी मर्यादी मोलर वाहकता अनुक्रमे ७३.५ आणि ७६.३. ब्रिजच्या मिठाकडून दोनच अपेक्षा आहेत: जोडीचा वेग सारखा हवा आणि मीठ बाजूच्या द्रावणांपेक्षा निदान दहापट घट्ट हवं.

चांदीसमोर KCl दुसऱ्याच कारणाने नापास होतं. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार १.८×१०⁻¹⁰ आहे, म्हणजे ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून ब्रिजच्या तोंडाशी लगेच पांढरा साका धरतो आणि उजेडात तो जांभळट-करडा पडतो. साक्याने तोंड बुजत जातं. शिवाय झिरपलेलं क्लोराइड चांदीचे आयन खातं. पट्टीजवळची संहती निम्मी झाली तर व्होल्टेज १८ मिलिव्होल्टने उतरतं. शिसं आणि पारा(I) यांनाही हेच लागू. पर्क्लोरेटला मात्र अडचण क्लोराइडची नाही, पोटॅशियमची आहे: पोटॅशियम पर्क्लोरेट पाण्यात फारसं विरघळत नाही. तिथे सोडियम क्लोराइड घ्यावं, पण सोडियम मंद असल्याने जंक्शनचे मिलिव्होल्ट वाढतात.

चांदीसाठी निवड पोटॅशियम नायट्रेटची. नायट्रेटची वाहकता ७१.४, म्हणजे जोडी सारखीच. पोटॅशियम सल्फेट वापरू नये, सिल्व्हर सल्फेटही कमी विरघळतं. अमोनियम नायट्रेट पुस्तकांत दिसतं, पण भारतात त्यावर २०१२ चे नियम आहेत, आणि छंदापुरतं त्यावाचून अडत नाही.

कृती: १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात ३ ग्रॅम अगार वॉटरबाथवर पारदर्शक होईपर्यंत गरम करा. मग १०.१ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घालून ढवळा. ब्रिज १ मोलर होतो. गरम असतानाच ६ मिमीच्या यू-नळीत ओढा. बुडबुडा राहिला तर परिपथ तुटतो आणि मीटर भरकटतो. याहून घट्ट करायचा मोह टाळा, कारण संपृक्त द्रावण फ्रिजमध्ये स्फटिक टाकतं. नळी १ मोलर नायट्रेटमध्येच बुडवून ठेवा. नळाचं पाणी आणि काही अगार यांतही क्लोराइड असतं, म्हणून साठवणीच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहा. गढूळ झालं तर ब्रिज बाद. हातमोजे घाला, चांदीचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत.

एका पेल्यात ०.१ मोलर मोरचूद, म्हणजे १०० मिलित २.५ ग्रॅम, दुसऱ्यात ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट, २० मिलिला ०.३४ ग्रॅम पुरतं. जंक्शन पोटेन्शियल काढायच्या हेंडरसनच्या सूत्राने चांदीच्या टोकाला सुमारे १.४ आणि तांब्याच्या टोकाला १.७ मिलिव्होल्ट येतात. दोन्हींची दिशा ब्रिजच्या तुलनेत एकच असल्याने वजाबाकीत ०.३ उरतात. साध्या मीटरवर ते दिसणारच नाहीत.

तरी मीटर संहतीवरून व्होल्टेज काढणाऱ्या नेर्न्स्टच्या हिशेबाशी जुळत नाही. संहती तशीच घातली तर ०.४२८ व्होल्ट येतात, मीटर ०.४४ च्या आसपास दाखवतो. इथे ब्रिजला दोष देऊ नका. संहतीचा किती भाग प्रत्यक्षात परिणाम करतो हे सांगणारा अॅक्टिव्हिटी गुणांक ०.१ मोलर मोरचुदासाठी जेमतेम ०.१५ आहे, सिल्व्हर नायट्रेटसाठी ०.७३, ते धरले की उत्तर ०.४४४ येतं.

तोंड बुजलं आहे का हे १० मेगाओहमचा मल्टिमीटर लपवून ठेवतो. सेलला १० किलोओहमचा रेझिस्टर आडवा लावा. निरोगी ब्रिजचा रोध काही शे ओहम असतो, त्यामुळे वाचन थोडंसंच उतरतं. ते निम्म्यावर आलं, तर ब्रिजचा रोधही १० किलोओहमच्या घरात गेला आहे. टोकाचा अर्धा सेंटिमीटर अगार कापा.

विकतचा कॅलोमेल किंवा सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड वापरणार असाल, तर डबल जंक्शनचा घ्या. आत KCl राहू द्या, बाहेरच्या कप्प्यात नायट्रेट भरा. आतलं क्लोराइड हळूहळू बाहेर येतंच, म्हणून तो कप्पा प्रत्येक वापरापूर्वी ताजा भरावा.