चलान भरलं, पण भलत्याच वर्षाचं

गेल्या जुलैत रिटर्न भरायला बसलो. पगारावरचा कर कंपनीनं कापलेलाच होता. बाकी होतं ते फक्त मुदत ठेवीवरचं व्याज. २०२४-२५ मध्ये ६२,००० रुपये व्याज मिळालं होतं, त्यातला शेवटचा हप्ता ३१ मार्च २०२५ ला जमा झाला. बँकेनं दहा टक्क्यांनी ६,२०० रुपये टीडीएस कापला होता. मी जुन्या पद्धतीत वीस टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणून कर १२,४०० आणि त्यावर चार टक्के उपकर ४९६. टीडीएस वजा करून, दहाच्या पटीत, ६,७०० रुपये भरायचे होते.

हिशोब बरोबर होता. चूक झाली ती आयकर खात्याच्या पोर्टलवर. e-Pay Tax मध्ये Assessment Year विचारलं, आणि बँकेच्या व्याजपत्रावर ठळक '२०२४-२५' छापलेलं होतं, तेच मी निवडलं. पैसे गेले, पावती आली, मी चहा प्यायला उठलो.

दोन दिवसांनी रिटर्न उघडलं, तर भरलेल्या करात आमचे ६,७०० नाहीतच! धरमपेठेतला आतेभाऊ सीए आहे, त्याला फोन केला. पावतीवरचं वर्ष वाचायला लावून तो हसला, "काऊन गा, २०२३-२४ च्या कमाईचा कर भरला का तू?"

मग त्यानं नीट सांगितलं. कायद्यातलं 'प्रीव्हियस इयर' म्हणजे कमाईचं वर्ष, १ एप्रिल ते ३१ मार्च. त्या कमाईचा हिशोब तपासला जातो पुढच्या वर्षी, ते असेसमेंट इयर. म्हणजे ३१ मार्च २०२५ चं व्याज कमाईच्या वर्षात २०२४-२५, पण चलान आणि रिटर्नवर २०२५-२६. तेच व्याज एक दिवस उशिरा, १ एप्रिलला मिळालं असतं, तर दोन्ही लेबलं एकेक वर्ष पुढं सरकली असती. आपण पैसे कधी भरतो, याचा इथं काही संबंध नाही.

नशिबानं चलान भरून तीनच दिवस झाले होते. असेसमेंट इयरची चूक पोर्टलवरच्या Challan Correction मधून दुरुस्त करता येते, पण चलानच्या तारखेपासून सात दिवसांतच. त्यानंतर आपल्या असेसिंग ऑफिसरकडे अर्ज घेऊन जावं लागतं. मी चलान निवडलं, वर्ष बदललं, ई-व्हेरिफाय केलं. ते नव्या वर्षात दिसेपर्यंत थांबलो आणि मगच रिटर्न पाठवलं.

आता नवा घोळ. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ही दोन नावं जाऊन एकच 'टॅक्स इयर' आहे. तेव्हा ३१ मार्च २०२६ ची कमाई असेसमेंट इयर २०२६-२७ मध्ये, आणि १ एप्रिल २०२६ ची टॅक्स इयर २०२६-२७ मध्ये. आकडे तेच, वर्षं वेगळी. आतेभावाला म्हटलं, यंदा चलान भरताना तुला आधी फोन करतो.