हिंदी राजीनाम्यातली मराठी

इंदूरमध्ये जन्म काढलेल्या मराठी माणसाला हिंदी येते का, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, बँकेतल्या बाईंशी दिवसभर हिंदीच चालते. बोलताना कुणी अडखळत नाही आणि कुणाला वावगंही वाटत नाही. पण त्याच माणसाला अर्ज लिहायला बसवलं की मराठी हळूच कागदावर उतरते. बोलण्यात जे खपतं ते शाईत खपत नाही. माझी नोकरी सरकारी कचेरीत हिंदी पत्रव्यवहार तपासण्यात गेली, त्यामुळे सोसायटीत कुणाला काही लिहायचं असलं की कागद माझ्याकडे येतो. परवा आला तो राजीनामा. शेजारच्या घरातली सून माहेरची सांगलीकडची, इथल्या एका हिंदी माध्यमाच्या खासगी शाळेत विज्ञान शिकवते. म्हणाली, "काकू, फक्त स्पेलिंग बघा हं, बाकी मी नीट लिहिलंय."

स्पेलिंग मी सगळ्यात शेवटी बघते. राजीनाम्यात आधी क्रियापद बघायचं आणि मग तारीख. तिनं लिहिलं होतं, "मैं मेरे पद का त्यागपत्र देना चाहती हूं." इथे "चाहती हूं" म्हणजे नुसती इच्छा. त्यावर मुख्याध्यापिका उद्या म्हणू शकतात, इच्छा कळली, आता पत्र द्या. त्यापेक्षा "दे रही हूँ" म्हणावं. "प्रस्तुत करती हूँ" हे अंमळ जास्त औपचारिक, पण चालतं. आपल्याला "देऊ इच्छिते" नम्र वाटतं म्हणून हात तिकडे वळतो, पण राजीनामा ही विनंती नसते. विनंती असते ती मोकळं करण्याची, आणि ती पुढच्या वाक्यात येते.

त्या एका वाक्यात अजून दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही आपल्या घरच्या. आपण पदाचा राजीनामा देतो, हिंदीत "पद से त्यागपत्र" देतात. आणि मराठीत "मी माझ्या पदाचा" अगदी बरोबर असलं तरी हिंदीत कर्ता "मैं" असेल तर त्याच वाक्यात त्याच्या मालकीच्या वस्तूला "मेरा" म्हणत नाहीत, "अपना" म्हणतात. म्हणून "मैं अपने पद से त्यागपत्र दे रही हूँ". आता गंमत अशी की इंदुरात अस्सल हिंदी घरातली माणसंही "मैं मेरे घर जा रहा हूँ" असं सर्रास म्हणतात. त्यामुळे सुनेनं भांडायचा प्रयत्न केला, "काकू, आमच्या स्टाफरूममध्ये सगळे असंच बोलतात." बोलू देत की. स्टाफरूम काही राजीनामा स्वीकारणार नाही.

पुढची तीन वाक्यं मी मुद्दाम जशीच्या तशी देते, कारण मराठी माणसाच्या हिंदीचा सगळा नमुना त्यांत आहे. "आपने मुझे समय समय पर मार्गदर्शन किया. मैं छठी से आठवीं कक्षा को विज्ञान पढाया. आपको निवेदन है की मुझे जल्द कार्यमुक्त करें."

आपल्याकडे "मला मार्गदर्शन केलं", "मला मदत केली" असं म्हणतात. हिंदीत ज्याला मदत होते त्याला "को" लागत नाही, "का" किंवा "की" लागतो: मेरा मार्गदर्शन किया, मेरी मदद की. मदद स्त्रीलिंगी म्हणून "मेरी". निवेदनाचंही तसंच. आपण "आपणांस विनंती" करतो, हिंदीवाला "आपसे निवेदन" करतो. कहना, पूछना, मिलना, अनुरोध करना ही सगळी मंडळी समोरच्या माणसापाशी "से" घेऊन जातात. एवढं एक ध्यानात राहिलं तरी निम्मं पत्र सुधारतं.

मधल्या वाक्यात "ने" गळला होता. हा खास आपला दोष आहे आणि त्याचं कारण सरळ आहे. मराठीत "त्याने शिकवलं", "तिने शिकवलं" म्हणतात, पण स्वतःबद्दल बोलताना "मी शिकवलं", समोरच्याला "तू शिकवलंस". मी, तू, आम्ही, तुम्ही यांना आपण "ने" लावतच नाही. हिंदीत सकर्मक क्रियापद भूतकाळात असलं की "मैं"लाही सुटका नाही: मैंने पढ़ाया. ज्याला हे एकदा कळतं तो पुढे आठ दिवस दिसेल तिथे "ने" चिकटवत सुटतो. सुनेनं तेही केलं होतं. खाली एका ओळीत होतं, "मैंने बच्चों के लिए अपने खर्च से सूक्ष्मदर्शी लाया." लाना सकर्मक असूनही "ने" घेत नाही, भूलनाही घेत नाही. म्हणजे "मैं सूक्ष्मदर्शी लाई". ही ओळ मी सुधारली आणि मग काढूनच टाकली.

कारण ती ओळ एका परिच्छेदातली होती आणि त्या परिच्छेदाचं नाव तक्रार. पगार उशिरा होतो, सुट्टीच्या दिवशी बोलावतात, एक तास रिकामा मिळत नाही, आणि वर पदरचं सूक्ष्मदर्शी. सगळं खरंच असणार, मला तिच्या शब्दावर शंका नाही. पण त्याच पत्राच्या शेवटी "मैं विद्यालय की सदैव ऋणी रहूँगी" असंही होतं. दोन्ही एका पानावर आले की वाचणाऱ्याला एकही खरं वाटत नाही. शिवाय ज्यांच्याकडून अनुभव प्रमाण-पत्र आणि अदेय प्रमाण-पत्र, म्हणजे शाळेचं काही देणं नसल्याचा दाखला, घ्यायचा आहे, त्यांनाच जाताना टोचून काय मिळणार? थकलेला पगार हवा असेल तर त्याचं वेगळं पत्र, महिने आणि रकमा लिहून. राजीनाम्याच्या पोटात घातलेली मागणी कुणी मोजत नाही. तिनं तोंड वाकडं केलं, पण परिच्छेद गेला. सदैव ऋणी राहणंही मी काढलं. आभार एका वाक्यात मावतात.

कारण लिहावं का? लिहिलं तर "पारिवारिक कारणों से" एवढंच. तिचं होतं "पारिवारिक परिस्थिती के वजह से". वजह स्त्रीलिंगी, म्हणून "की वजह से". कारण पुल्लिंगी, म्हणून "के कारण". हे दोन्ही डोक्यात एकत्र शिजले की "के वजह से" तयार होतं. आणि ती "परिस्थिती"! इथे माझा आपल्या शाळांवर मुळीच राग नाही. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनानं मान्य केले, त्यांत तत्सम शब्दांच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचं ठरलं. त्यामुळे मराठी मुलगी नियुक्ती, स्वीकृती, स्थिती लिहिते ते शंभर टक्के शुद्ध. हिंदीनं मात्र संस्कृतातला ऱ्हस्व तसाच ठेवला: नियुक्ति, स्वीकृति, परिस्थिति. राजीनाम्याचा विषयच असा की अशा शब्दांची रांग लागते. त्यात नोटिशीची मुदत म्हणून तिनं "अवधी" लिहिलं होतं. हिंदीत मुदत म्हणजे "अवधि". दीर्घ केलं की ती अवध प्रांतातली बोली होते. "एक माह की अवधी" वाचून मुख्याध्यापिकांना काय वाटलं असतं कोण जाणे.

बाकी स्पेलिंग पटापट झालं. "निवेदन है की" मधली की ऱ्हस्व केली. "पढाया", "छोडना" यांच्या ढ-डखाली टिंब दिलं, कारण ते हिंदीत ऐच्छिक नाही, तो वेगळा वर्णच आहे. हूँ, करूँगी यांवर चंद्रबिंदू आला. वाक्याच्या शेवटी टिंबाऐवजी उभा दंड आला. "विद्यालयमें" तोडलं. नामापासून विभक्तीचं चिन्ह वेगळं आणि सर्वनामाला जोडून, हा हिंदीचा नेम. म्हणून "विद्यालय में", पण "मैंने", "आपसे". आपल्या "शाळेत"ची सवय नामालाही जोडायला लावते. "कृपया मुझे कार्यमुक्त करने की कृपा करें" यात कृपा दोनदा मागितली होती. हा दोष मात्र मराठी नव्हे, ही खास हिंदी कचेऱ्यांची देणगी. आयुष्यभर लाल शाईनं खोडली, तरी ती संपली नाही.

तारखेचं मी इथे मुद्दाम नंतर सांगते, कारण तिथे भाषेपेक्षा पैशांचा प्रश्न आहे. "31 मार्च को कार्यमुक्त" म्हटलं तर 31 चा पगार मिळणार की नाही? म्हणून कचेरीच्या हिंदीत "31 मार्च के अपराह्न से" लिहितात, म्हणजे तो दिवस कामाचा धरला जातो. अपराह्न लिहिताना ह आधी, न नंतर; आपण "चिन्ह" लिहितो त्या सवयीनं ते उलटं होतं. पुढची तारीख घातल्याचा एक फायदाही आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी 1977 मध्ये पुढची तारीख टाकून राजीनामा दिला आणि ती तारीख यायच्या आत मागे घेतला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसं करता येतं असा निकाल दिला. खासगी शाळेत आधी नियुक्ति-पत्रातली अट बघावी लागते, म्हणून मी ते कपाटातून काढून आणायला लावलं. त्यात एक महिन्याची नोटीस होती. शेवटी पत्र असं उभं राहिलं:

"सेवा में,
प्रधानाचार्या महोदया,
विषय : विज्ञान शिक्षिका के पद से त्यागपत्र।
महोदया,
सविनय निवेदन है कि मैं आपके विद्यालय में विज्ञान शिक्षिका के पद पर कार्यरत हूँ। पारिवारिक कारणों से मैं अपने पद से त्यागपत्र दे रही हूँ। नियुक्ति-पत्र की शर्त के अनुसार इस पत्र को एक माह की पूर्व सूचना माना जाए। कृपया मेरा त्यागपत्र स्वीकार कर मुझे 31 मार्च के अपराह्न से कार्यमुक्त करें। आपने समय-समय पर मेरा मार्गदर्शन किया, इसके लिए मैं आभारी हूँ।
सधन्यवाद,
भवदीया"

शेवटी तिनं "आपकी आज्ञाकारी" लिहिलं होतं. ते विद्यार्थिनीच्या रजेच्या अर्जाला शोभतं. नोकरी सोडणाऱ्या बाईनं "भवदीया" म्हणावं आणि खाली नाव, पद, तारीख घालून सही करावी.

ती पत्र घडी घालून निघालीच होती, तेवढ्यात मी थांबवलं आणि दोन प्रती काढायला सांगितल्या. एक शाळेला द्यायची, दुसरीवर कार्यालयातल्या बाबूची सही, शिक्का आणि तारीख घेऊन घरी आणायची. "सही पुरे ना, काकू?" म्हणाली. सहीखाली तारीख नसेल तर नोटिशीचा महिना कुठल्या दिवसापासून मोजायचा ते शाळा ठरवणार, तू नाही.